केनियाला यंत्र पाठवताना 'थोडं द्यावं लागेल' असा निरोप आला तर : बडोद्याच्या छोट्या निर्यातदारासाठी कामाचा क्रम

मकरपुरा, वाघोडिया, पोर या पट्ट्यातले आपले अनेक छोटे कारखानदार आता पूर्व आफ्रिकेला ड्रायर, मिक्सर, पॅकिंग यंत्रे पाठवतात. त्यांचे कागद पाहताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. लाच द्यायची की नाही, याचा विचार ते मोंबासाहून एजंटचा निरोप आल्यावर सुरू करतात. तेव्हा कंटेनर बंदरात उभा असतो, भाडे चढत असते, ग्राहक रोज फोन करत असतो. अशा वेळी माणूस तत्त्वाने नाही, घाईने ठरवतो. नंतर 'तिकडे असंच चालतं' म्हणून स्वतःची समजूत घालतो.

हा क्रम केनियाच्या उदाहरणावर लिहिला आहे. दुसऱ्या देशासाठी कागदांची नावे बदलतील, क्रम बदलणार नाही. सोयीसाठी एक सौदा डोळ्यांसमोर ठेवू. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याने नैरोबीजवळच्या मसाला प्रक्रिया करणाऱ्या ग्राहकाला 46,000 डॉलरचा ड्रायर विकला आहे. माल मुंद्र्याहून मोंबासाला जाणार आणि मागून एक इंजिनिअर यंत्र बसवायला जाणार. सौदा काल्पनिक आहे आणि रकमा उदाहरणापुरत्या आहेत, पण त्यातल्या अडचणी नेहमीच्याच आहेत.

## 1. सौदा करण्याआधी : कोणते पैसे कशाचे, हे ठरवून कागदावर लिहा

परदेशात मागितला जाणारा प्रत्येक जास्तीचा पैसा लाच नसतो, आणि लहान रक्कम म्हणजे लाच नव्हे असेही नसते. चार गोष्टी वेगळ्या करा.

पहिली, जाहीर जलद सेवा शुल्क. दर छापलेला असतो, पैसे सरकारी खात्यात जातात, पावती मिळते आणि कोणीही ते भरून तीच सेवा घेऊ शकतो. हे बिनधास्त भरा.

दुसरी, आपल्या हक्काचेच काम हलवण्यासाठी अधिकाऱ्याच्या हातात दिलेली चिरीमिरी. कागद पूर्ण आहेत, शिक्का मारणे त्याचे कामच आहे, तरी तो मारत नाही. इंग्रजी व्यवहारात यालाच फॅसिलिटेशन पेमेंट म्हणतात.

तिसरी, हक्क नसलेले काही मिळवण्यासाठी दिलेले पैसे : कमी मूल्य मान्य करून घेणे, तपासणी टाळणे, निविदा खेचून आणणे.

चौथी, धमकी. पासपोर्ट काढून घेतला, रात्री रस्त्यात अडवले, अंगावर येण्याची भाषा झाली, अशा वेळी जीव वाचवण्यासाठी दिलेले पैसे.

घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. 'चिरीमिरी तर अमेरिकेलाही चालते' असे कोणीतरी कुठेतरी ऐकलेले असते. अमेरिकेच्या 1977 च्या परदेशी लाचविरोधी कायद्यात नेहमीच्या सरकारी कामांसाठी दिलेल्या अशा पैशांना अपवाद आहे, हे खरे. पण तो अपवाद अमेरिकेच्या त्या एका कायद्यापुरता आहे. ज्या देशात तुम्ही पैसे देता, तिथला कायदा त्याने गप्प बसत नाही. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात असा अपवाद नाहीच. कॅनडाच्या कायद्यात तो होता, 2017 मध्ये काढून टाकला. केनियाच्या 2016 च्या लाच कायद्यात देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, आणि खाजगी कंपनीनेही आपल्या आकाराला साजेशी लाच रोखण्याची व्यवस्था ठेवावी, असे तो कायदा सांगतो.

आपल्याकडचा दुसरा गैरसमज : 'परदेशी अधिकाऱ्याला लाच देण्यावर भारतात वेगळा कायदा नाही, म्हणजे आपण मोकळे.' तसा स्वतंत्र कायदा करण्यासाठी 2011 मध्ये विधेयक आले होते, ते मंजूर झाले नाही. पण भारताने संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला त्याच वर्षी मान्यता दिली, केनियाचा कायदा केनियात लागूच आहे, आणि आयकराची बाजू तर थेट तुमच्या वहीपर्यंत येते. ती टप्पा 7 मध्ये पाहू.

तपासा : या चार प्रकारांचे एक पानी धोरण मालकाच्या सहीने तयार आहे का? ते एजंटला, ग्राहकाला आणि जाणाऱ्या इंजिनिअरला सौद्याआधी पाठवले आहे का? मागणी आल्यावर 'आमचं असं धोरण आहे' म्हणणे आणि तीन महिने आधी पाठवलेला कागद दाखवणे, यात फार फरक पडतो.

## 2. 'तिथली पद्धत' खरी आहे का, हे पारखून घ्या

हा टप्पा लोक गाळतात. एक तर 'लाच म्हणजे लाच' म्हणून सगळ्याच स्थानिक रीतींना नाक मुरडतात, नाहीतर 'जैसा देस वैसा भेस' म्हणून पाकीट देऊन मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसान आहे.

परक्या गावातल्या रीती पाळायलाच हव्यात, अशी बरीच क्षेत्रे आहेत. कामाचे बोलण्याआधी घरच्यांची विचारपूस करणे, वयाने मोठ्या माणसाशी आधी बोलणे, ग्राहकाने आग्रहाने जेवायला थांबवले तर थांबणे, ओळखीच्या माणसाचे पत्र घेऊन जाणे, ही त्या समाजाची माणसे जोडण्याची तऱ्हा असते. तिथे आपली बडोद्याची रीत लादणे हा उद्धटपणा होईल.

अधिकाऱ्याचा निर्णय विकत घेणे या यादीत बसत नाही. ज्याला आपण 'पद्धत' म्हणतो तिला तीन प्रश्न विचारून पाहा.

ही पद्धत आहे, असे तुम्हाला सांगितले कोणी? बहुतेक वेळा ज्याच्या खिशात पैसे जाणार त्याने, किंवा त्याच्या दलालाने. तिथल्या छोट्या आयातदाराला विचारा, ग्राहकाच्या गोदामातल्या माणसाला विचारा. ते याला आपली संस्कृती म्हणत नाहीत, जाच म्हणतात. ज्याचा जाच सगळ्यांना होतो आणि फायदा मोजक्यांना, त्याला रीतीचा मान देणे म्हणजे त्या देशातल्या सामान्य माणसाविरुद्ध त्याला लुटणाऱ्याची बाजू घेणे आहे.

ती उघड केली जाते का? खरी रीत चारचौघांत पाळली जाते. पाकीट बंद दाराआड दिले जाते आणि बिलात दुसऱ्या नावाने दाखवले जाते. तिथल्या सरकारने त्याविरुद्ध कायदा केला आहे, म्हणजे त्या समाजानेच आपले मत लिहून ठेवले आहे. 'बाहेरची नीती त्यांच्यावर का लादायची' हा प्रश्न इथे उरतच नाही.

तुमच्या मागे रांगेत कोण आहे? तुमचा कंटेनर 350 डॉलरमध्ये पुढे गेला, तर कोणाचा तरी मागे गेला. उद्या त्यालाही पैसे द्यावे लागतील आणि परवा दर वाढेल. अधिकाऱ्याला सावकाश काम करण्याचे बक्षीस मिळत राहील. देश कोणताही असो, सगळ्यांच्या विश्वासाने मिळालेली खुर्ची एकट्याच्या कमाईसाठी वापरू नये, ही अपेक्षा सगळीकडे आहे. ती ज्याच्या-त्याच्या धर्मात आहे आणि ज्याच्या-त्याच्या कायद्यातही.

भेटवस्तूंचेही असेच. बडोद्याहून जाताना माणूस लीलो चिवडा आणि भाकरवडीचे पुडे नेतोच. ग्राहकाच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर, यंत्र चालू झाल्याच्या आनंदात तो पुडा उघडला तर तो आपला वहेवार झाला. तोच पुडा तपासणीच्या आदल्या दिवशी तपासणी अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला, तर त्यात चिवडाच असला तरी तो देऊ नये. किंमत किरकोळ आहे म्हणून गोष्ट चालून जात नाही. निर्णय बाकी असताना, निर्णय घेणाऱ्याला, काही द्यायचे नाही.

सावधान : 'अधिकाऱ्याच्या मुलाच्या फीसाठी', 'हॉस्पिटलसाठी', 'देणगी' अशा रूपात मागणी आली की मन विरघळते. ज्याच्यासमोर तुमची फाइल आहे त्याने सुचवलेली देणगी ही मागणीच धरा.

## 3. माल निघण्यापूर्वी : आपल्याच कागदांतल्या उणिवा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पैशाची मागणी बहुधा हवेतून येत नाही. आपल्या कागदात काहीतरी चुकलेले असते, अधिकाऱ्याला ते सापडते आणि तो सांगतो, 'नियमाने गेलात तर दहा दिवस, नाहीतर बघू.' तेव्हा तुम्ही मागत असता ती हक्काची सेवा राहिलेली नसते. म्हणजे तुम्ही ज्याला चिरीमिरी म्हणता, ती पहिल्या टप्प्यातल्या तिसऱ्या प्रकारात गेलेली असते. चुकीवर पडदा टाकण्याचे पैसे असतात ते.

केनियाच्या मालात या चार जागा आधी बघा.

लाकडी पेटी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता किंवा धूर प्रक्रियेचा शिक्का लागतो. त्यात गव्हाच्या लोंबीसारखी खूण, भारताचा IN हा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि HT किंवा MB ही अक्षरे असतात. पेटीवर शिक्का असतोच. चूक होते ती शेवटच्या तासाला. यंत्र कंटेनरमध्ये हलू नये म्हणून सुतार आवारात पडलेल्या फळ्या कापून तळाशी ठोकतो. त्या फळ्यांवर काहीच नसते. मोंबासात दार उघडताच आधी त्या दिसतात. टेका देण्यासाठीही शिक्क्याचेच लाकूड वापरा किंवा प्लायवूड घ्या, त्याला हा नियम लागू नाही. दार बंद करण्यापूर्वी आतून फोटो काढा, आणि फोटोत टेक्याच्या फळ्यांवरचा शिक्का वाचता आला पाहिजे.

'फ्री' स्पेअर पार्ट्स. ग्राहकाला खूश करायला आपण दोन बेअरिंग, एक मोटर, गास्केटचा संच फुकट टाकतो आणि इन्व्हॉइसवर किंमत शून्य लिहितो, नाहीतर लिहीतच नाही. कस्टम्सच्या दृष्टीने शून्य किमतीची मोटर नसते. ते मूल्य दडवणे ठरते. फुकट द्या, पण ओळ वेगळी लिहा, वाजवी किंमत टाका आणि 'विनामूल्य, किंमत केवळ कस्टम्ससाठी' असे नोंदवा. पॅकिंग लिस्टमध्ये त्याच वस्तू, तेवढेच नग.

अनुरूपता प्रमाणपत्र. केनियात जाणाऱ्या बहुतेक मालाला तिथल्या मानक संस्थेने नेमलेल्या एजन्सीकडून निर्यातीपूर्वी तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणी झाल्यावर मोटर बदलली, कंट्रोल पॅनेल दुसरे लावले, तर यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळत नाही. तपासणीनंतर काहीही बदलले तर आधी एजन्सीला कळवा, मगच माल भरा.

नावे. ग्राहकाच्या कर नोंदणीत त्याच्या कंपनीचे नाव जसे आहे, तसेच अक्षरन् अक्षर बिल ऑफ लेडिंगवर हवे. जहाज निघाल्यावर ही दुरुस्ती करायला वेळ लागतो, आणि अशा रखडलेल्या दिवसांतच कोणीतरी 'मी करून देतो' म्हणत पुढे येतो.

माणसाच्या कागदांकडेही असेच पाहा. केनियात 2024 पासून पाहुण्यांना व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना मिळतो. तो सहज मिळतो, म्हणून आपण इंजिनिअरला त्यावरच धाडतो. पण यंत्र बसवणे हे काम आहे, पर्यटन नव्हे. अल्प मुदतीच्या कामासाठी तिथे स्पेशल पास असतो आणि त्यासाठी ग्राहकाच्या कंपनीला अर्ज करावा लागतो. टूलबॉक्स आणि कारखान्याचा लोगो असलेला शर्ट घेऊन 'फिरायला आलोय' म्हणणारा मुलगा विमानतळावर पकडला गेला, तर दोष अधिकाऱ्याचा नाही. शिवाय पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. केनियाहून परतताना भारतातच ते मागतात.

तपासा : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, प्रमाणपत्र आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा, हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. ज्याने ते बनवले नाहीत अशा माणसाकडून नावे, नग, वजन आणि क्रमांक मोठ्याने वाचून जुळवून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

## 4. कराराच्या वेळी : घाईच होऊ देऊ नका

कागद बिनचूक असले तरी मागणी येऊ शकते. तिला नकार देण्याची ताकद येते ती हाताशी असलेल्या दिवसांतून.

पहिले, विक्रीची अट. 'दारापर्यंत पोच, शुल्कासह' म्हणजे डीडीपी अटीवर विकले, की केनियातली सगळी सोडवणूक तुमच्या गळ्यात येते. तिथे तुमचे ऑफिस नाही, ओळख नाही. त्यापेक्षा सीएफआर किंवा सीपीटी अट घ्या. आयातीची सोडवणूक ग्राहकाकडे राहते. तो तिथला आहे, कायद्याने आयातदारही तोच आहे. तिकडे आयात मालाचा विमाही स्थानिक कंपनीचा घ्यावा लागतो, त्यामुळे विमा ग्राहकाकडे ठेवणे दोघांच्याही सोयीचे.

इथे एक प्रामाणिक गोष्ट मान्य करायला हवी. अट बदलली म्हणून हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. ग्राहक पैसे चारणार हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यासाठी तुम्ही किमतीत 'किरकोळ खर्च' म्हणून सूट देता, तर तुम्हीच दिले. म्हणून करारात दोन्ही बाजूंसाठी एकच ओळ टाका : सोडवणुकीत कोणत्याही अधिकाऱ्याला बिनपावतीचे पैसे दिले जाणार नाहीत, आणि त्यामुळे होणारा उशीर कोणत्याही पक्षाचा दोष मानला जाणार नाही. दंडाची तारीख याच हिशेबाने ठरवा. ग्राहक उशिराचा दंड लावणार असेल, तर नकाराची किंमत तुम्ही आधीच दुप्पट करून ठेवली.

दुसरे, मोफत दिवस. बुकिंग करतानाच शिपिंग लाइनकडे कंटेनरचे मोफत दिवस वाढवून मागा. 14 किंवा 21 दिवस अनेकदा थोड्या जास्त भाड्यात किंवा नुसते विचारून मिळतात. माल पोचल्यावर कोणी ऐकत नाही. बंदराचे स्वतःचे साठवणूक भाडे वेगळे असते आणि ते यात येत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.

तिसरे, क्लिअरिंग एजंट. तो ग्राहकाने नेमला तरी बिलाचा नमुना आधी मागवा. बिलात सरकारी शुल्क, बंदर, वाहतूक, स्वतःचे शुल्क अशा ओळी असतील तर ठीक. 'संड्री', 'फॅसिलिटेशन', 'ऑफिस एक्स्पेन्स', 'व्हेरिफिकेशन सपोर्ट' अशा गोल रकमेच्या ओळी असतील, तर त्या कशाच्या आहेत ते आताच विचारा. एजंटला 'सात दिवसांत सोडवलं तर बोनस' कधी कबूल करू नका. तो बोनस कुठे वाटला जाणार, हे सांगायला नको. पैसे फक्त त्याच्या कंपनीच्या बँक खात्यात, पावत्या आल्यावर.

सावधान : 'सगळं मिळून ठोक रक्कम द्या, हिशेब विचारू नका' असे म्हणणारा एजंट स्वस्त वाटतो. तुम्ही मागितले नाही, तुम्हाला माहीत नव्हते, हा बचाव तिथेच गळून पडतो. डोळे मिटून घेतले हे पुढे सहज सिद्ध होते.

## 5. मागणी आली : या क्रमाने उत्तर द्या

आता आपल्या ड्रायरकडे येऊ. कंटेनर मोंबासात उतरला आहे. चौथ्या दिवशी ग्राहकाच्या एजंटचा व्हॉट्सॲप येतो : अधिकाऱ्याने संपूर्ण तपासणी सांगितली आहे, 350 डॉलर 'चहाचे' दिले तर उद्या सुटेल, नाहीतर आठवडा लागेल.

पहिली गोष्ट : कारण लेखी मागा. 'नाही' म्हणण्याआधी हे करा. एजंटला लिहा : हरकत कोणत्या कागदावर आहे, कोणत्या नियमाखाली आहे, आणि शुल्क असेल तर ते कोणत्या दरपत्रकात आहे? सरकारी शुल्क असेल तर मागणीपत्र आणि पावती येईल, आम्ही लगेच भरू. इथेच निम्म्या मागण्या गळतात, कारण लिहून द्यायला काही नसते. दुसऱ्या निम्म्यांत खरी चूक पुढे येते, आणि ती कळणे तुमच्याच फायद्याचे.

आपल्या उदाहरणात उत्तर येते : पॅकिंग लिस्टमध्ये एक मोटर आणि गास्केट संच आहे, इन्व्हॉइसवर त्यांची किंमत नाही. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली दुसरी चूक आपणच केली. अधिकाऱ्याची हरकत बरोबर आहे, मागितलेले 350 डॉलर चुकीचे आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर वाट सापडते.

दुसरी : चूक असेल तर उघड दुरुस्त करा. सुधारित इन्व्हॉइस, मोटरच्या खरेदीचे बिल आणि 'विनामूल्य पाठवलेले सुटे भाग, मूल्य 900 डॉलर, नजरचुकीने नोंदले नाही' असे कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र त्याच दिवशी ग्राहकाकडे पाठवा. फरकाचा कर आणि नियमाने बसेल तो दंड ग्राहक सरकारी खात्यात भरेल, तुम्ही त्याला तो क्रेडिट नोटने भरून द्याल. दंड 350 डॉलरपेक्षा जास्त आला तरी चालेल. त्याची पावती आहे, तो पुढच्या वेळी वाढत नाही आणि त्यासाठी कोणी तुम्हाला पुन्हा फोन करणार नाही.

तिसरी : ग्राहकाला स्पष्ट सांगा. केनियाच्या कायद्यात सरकारी किंवा खाजगी संस्थेत अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने लाचेची माहिती किंवा संशय 24 तासांत तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाला कळवायचा असतो. तुम्ही ग्राहकाच्या संचालकाला मागणीबद्दल सांगितले, की ही जबाबदारी त्याच्यावरही येते. म्हणून 'जरा तुमच्या लेव्हलवर बघून घ्या' असे कधीही लिहू नका. ते वाक्य म्हणजे लाचेची संमती आहे. त्याऐवजी लिहा : अशी मागणी आली, आम्ही देणार नाही, तुम्हीही देऊ नये असे करारात आहे, दुरुस्त कागद सोबत आहेत.

चौथी : एक पायरी वर जा. कागद पूर्ण होऊनही फाइल हलली नाही तर ग्राहकाने वरिष्ठ अधिकाऱ्याला तारीखवार पत्र द्यावे. पत्रात आरोप नको. कोणत्या दिवशी काय दिले आणि काय बाकी आहे, एवढेच. अधिकारी त्रास देतो असे लिहिले की तो आपला बचाव सुरू करतो. फाइल सहा दिवस विनाकारण पडली आहे, असे तारखांनी दाखवले की उत्तर देणे त्याला भाग पडते. त्यानेही होत नसेल तर मोंबासातल्या भारताच्या सहायक उच्चायुक्तालयाला किंवा नैरोबीतल्या उच्चायुक्तालयाच्या वाणिज्य विभागाला हीच तारीखवार टिपणी ईमेल करा. ते लाचेचा निवाडा करत नाहीत. रखडलेल्या मालाबद्दल विचारणा मात्र करू शकतात.

आपला ड्रायर अकराव्या दिवशी सुटला असे धरा. मोफत दिवस 14 होते, त्यामुळे शिपिंग लाइनचे भाडे लागले नाही. बंदराची साठवणूक, फरकाचा कर आणि दंड एवढाच भुर्दंड पडला. मोफत दिवस पाचच असते, तर सहाव्या दिवसापासून मीटर चालू झाले असते आणि 350 डॉलर स्वस्त वाटू लागले असते. म्हणून चौथा टप्पा वगळून पाचवा पेलता येत नाही.

नेहमीच्या चुका : फोनवर वाद घालणे आणि लेखी काहीच न ठेवणे. 'एकदाच देऊ, पुढच्या वेळी नाही' म्हणणे, कारण त्या कंपनीचे नाव लगेच 'देणाऱ्यांच्या' यादीत जाते. आणि अधिकाऱ्याला धडा शिकवण्याच्या भरात समाजमाध्यमावर त्याचे नाव टाकणे. तक्रार करायची तर आयोगाकडे करा, तिथे निनावी तक्रारीचीही सोय आहे.

## 6. माणूस अडकला असेल तर क्रम वेगळा

पंचवीस वर्षांचा इंजिनिअर रात्री रस्त्यात अडवला गेला, समोर हत्यारबंद माणूस आहे आणि तो पैसे मागतो. त्याला नियम शिकवत बसायचे नाही. त्याने द्यावेत आणि तिथून निघावे. धमकीखाली दिलेले पैसे आणि सोयीसाठी दिलेले पैसे नैतिकदृष्ट्या एक नाहीत. पहिल्यात देणारा स्वतःच बळी असतो. मालकाने हे जाण्यापूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगावे : 'जीवाला धोका वाटला तर दे, तुझ्या पगारातून जाणार नाही, पण मला त्याच रात्री कळव.' हे सांगितले नाही की मुले गप्प राहतात आणि ते पैसे टॅक्सीच्या बिलात दडवतात.

धोका म्हणजे शरीराचा किंवा स्वातंत्र्याचा. विमान चुकेल, काम एक दिवस लांबेल, सामान उघडावे लागेल हा धोका नव्हे. विमानतळावर कोणी पासपोर्ट हातात धरून काही सुचवले तर इंजिनिअरने शांतपणे पावती मागावी, वरिष्ठाला भेटायचे आहे म्हणावे, आणि ग्राहकाच्या माणसाला तिथूनच फोन लावावा. त्यासाठी ग्राहकाच्या दोन माणसांचे नंबर, स्पेशल पासची प्रत आणि मालकाच्या सहीचे धोरण हे तिन्ही फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

तपासा : पैसे दिले गेले असतील तर 24 तासांच्या आत जागा, वेळ, रक्कम, काय बोलले गेले आणि कोण उपस्थित होते हे इंजिनिअरच्या शब्दांत लिहून घ्या, आणि ग्राहकाच्या मदतीने तिथल्या आयोगाला कळवा.

## 7. माल सुटल्यावर : वही खरी ठेवा

लाच दिली नाही तरी हा टप्पा करायचा. दिली गेली असेल तर टाळताच येणार नाही.

आयकर कायद्यात 2022 साली स्पष्ट करण्यात आले की जे काम भारतातल्या किंवा भारताबाहेरच्या कायद्याने गुन्हा आहे, त्यावरचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे मोंबासात दिलेले 350 डॉलर तुमच्या अकाउंटंटने 'क्लिअरिंग चार्जेस' मध्ये टाकले, तर लाच ही एक चूक, खोटी नोंद ही दुसरी आणि चुकीची वजावट ही तिसरी. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना हेतूचा कोड द्यावा लागतो, तिथे खोटे लिहिले तर चौथी. छोट्या रकमेचे मोठे प्रकरण होते ते असे.

धमकीखाली दिलेले पैसेही त्याच नावाने, वेगळ्या खात्यात, टिपणीसह नोंदवा आणि आपल्या सीएला स्वतःहून दाखवा. त्याची वजावट मागू नका.

एजंटच्या बिलातली प्रत्येक ओळ पावतीशी जुळवा. ज्या ओळीला पावती नाही ती मंजूर करू नका, मग ती 20 डॉलरची का असेना. ग्राहक ते बिल तुमच्याकडून क्रेडिट नोटने वसूल करत असेल तर पावत्यांच्या प्रती आल्याशिवाय क्रेडिट नोट काढू नका.

शेवटी त्या कन्साइनमेंटच्या फाइलमध्ये एक पान जोडा : मागणी केव्हा आली, कोणामार्फत आली, आपल्या कोणत्या कागदातली उणीव तिच्या मुळाशी होती, प्रत्यक्षात किती दिवस लागले आणि सरकारी पावत्यांसह खर्च किती झाला. आपल्या ड्रायरच्या पानावर लिहिले जाईल : सुट्या भागांचे मूल्य नोंदले नव्हते, अकरा दिवस. पुढच्या यंत्राची पॅकिंग लिस्ट बनवणाऱ्या माणसाच्या टेबलावर ते पान आधी ठेवा, आणि किमतीचे कोटेशन देताना त्यातले दिवस वितरणाच्या तारखेत मिळवा.